अशिलाने वकिलाला बुडवण्याची गोष्ट

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत गणपतीच्या पाचव्या दिवशी करमणुकीचा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की अभिरूप न्यायालय करायचं. ‘सगळं हसतखेळत हो!’ असं सेक्रेटरी म्हणाले, तेव्हाच मला तेंडुलकरांचं १९६७ सालचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवायला हवं होतं. तिथेही खटला लुटूपुटूचाच असतो. पण माझं लक्ष काळा कोट कुणाकडून मागून आणायचा याकडे होतं.

खटल्याला विषय आयताच मिळाला. पहिल्या दिवशी नैवेद्याच्या एकवीस मोदकांपैकी पाच नाहीसे झाले होते. सेक्रेटरींनी माइकवरून तो आकडा जाहीर केला आणि वर म्हणाले, ‘ज्याने घेतले त्याने कबूल करावं, नाहीतर उद्यापासून मी वॉचमन बदलतो.’ वॉचमनचा आठ वर्षांचा पोरगा नुकताच गावाहून आला होता आणि दिवसभर मांडवातच असायचा, म्हणून हा रोख. त्यावर तळमजल्यावरचे नाना उठले आणि ‘मी खाल्ले’ म्हणाले. नुसते म्हणाले नाहीत, लिहूनच दिलं: ‘पाच खुसखुशीत मोदक मी खाल्ले, क्षमस्व.’ खाली तारीखवार सही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस!

तर आरोपी नाना आणि त्यांचा वकील मी. माझा एक भाचा खरा वकील आहे, त्याच्याकडे धावलो. तो म्हणाला, ‘मामा, कबुलीजबाब पोलिसांपुढे दिला असता तर आपण सुटलो होतो, तो पुराव्यात चालत नाही.’ आमचे सेक्रेटरी पोलीस नाहीत, तसे वाटतात एवढंच. ‘मग कलम बावीस,’ भाचा म्हणाला. जुना १८७२ चा पुरावा कायदा गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्यातलं कलम चोवीस ते नव्यातलं बावीस. अधिकारातल्या माणसाने धमकी देऊन किंवा आमिष दाखवून काढलेला कबुलीजबाब बाद. मात्र धमकी ऐहिक नुकसानाची हवी. म्हणजे ‘बाप्पा बघतोय, खरं सांग’ ही धमकी धरत नाहीत, ‘पाणी तोडीन’ ही धरतील. मी खूश झालो. वॉचमनची नोकरी चांगलीच ऐहिक होती.

समोर सरकारी वकील म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. विम्याच्या एजंट, त्यामुळे बारीक अक्षरातलं सगळं वाचणाऱ्या. माझं कलम मांडून होतंय न होतंय तोच त्या उठल्या. ‘महाराज, धमकी वॉचमनला होती. आरोपीचं काय जाणार होतं? आपला स्वतःचा फायदा होईल किंवा आपल्यावरचं संकट टळेल असं आरोपीला वाटलं पाहिजे, असं कलमच म्हणतं.’ टाळ्या पडल्या. न्यायाधीशांच्या, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांच्या, मानेनेही त्यांना होकार दिला. आणि नाना पिंजऱ्यातून (म्हणजे दोन उलट्या खुर्च्यांमागून) मला म्हणतात, ‘वकीलसाहेब, मला सोडवू नका हो. मी सुटलो की ते पोर अडकतं.’

समारोपाच्या भाषणाला पाच मिनिटं होती. मागे दाराशी वॉचमन उभा होता आणि तो हसत नव्हता.

मग मी कलम सोडून दिलं. म्हटलं, ‘महाराज, कबुलीजबाब धमकीने बाद होत नसेल तर न होवो. पण तो स्वेच्छेचा असून भागत नाही, खराही असावा लागतो. आणि खरा की खोटा हे ओळखायचं कसं? जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असणार असं त्यात काही आहे का, हे बघून. पाच हा आकडा माइकवरून सगळ्या बिल्डिंगने ऐकला. आरोपीने स्वतःची अशी एकच माहिती घातली: खुसखुशीत. महाराज, नैवेद्याचे मोदक उकडीचे होते!’

हॉलमध्ये हशा उठला. ‘ज्याने ते खाल्ले तो त्यांना खुसखुशीत म्हणेल काय? आणि न खाल्लेलं कबूल का करतो? कुणाची तरी नोकरी जाऊ नये म्हणून. कलमाला ती धमकी पुरत नसेल, पण खोटं बोलायला पुरते.’

‘मग खाल्ले कोणी?’ हेडमास्तर त्यांच्या शाळेतल्या आवाजात कडाडले.

नेमकं हेच नको होतं. ‘ते सांगणं बचावाचं काम नाही,’ मी म्हणालो. ‘ताट बारापासून चारपर्यंत उघड्या मांडवात होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण, मी धरून, तिथून गेला. घेताना कुणी कुणाला पाहिलं नाही. वॉचमनचं नाव पुराव्याने आलेलं नाही, माइकवरून आलंय. फिर्यादी पक्षाने या ताटाजवळचा एकतरी साक्षीदार आणावा.’ वहिनी कागद चाळत राहिल्या. सेक्रेटरींनी माइकची वायर गुंडाळायला घेतली, तो चालू असतानाच.

संशयाचा फायदा देऊन नाना निर्दोष सुटले. वॉचमन अजून तोच आहे. नाना मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. लेखी दिलेला शब्द मी भर सभेत खोटा पाडला म्हणून. आता ते अपील करणार म्हणतात. निर्दोष सुटलेल्या आरोपीला निर्दोष सुटण्याविरुद्ध अपील करता येतं का, हे भाच्याला विचारायचं राहिलंय.