टुणुक टुणुकचा तर्जुमा

हनोईत वास्तव्य असताना शेजारच्या तीन मुलांना भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगण्याचे मी एका संध्याकाळी कबूल केले, आणि जी गोष्ट मला मराठीत झोपेतही सांगता आली असती तिचा मसुदा करण्यात पुढले तीन आठवडे गेले.

पहिली ठेच तुपाशी लागली. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होण्याचा म्हातारीचा बेत मी कोशाच्या आधाराने लोणी आणि पावाच्या स्वाधीन केला. परंतु लोण्यासाठी फ्रेंचांकडून आलेला ‘बो’ हा शब्द व्हिएतनामी भाषेत अ‍ॅव्होकाडो या फळालाही लावतात, आणि पाव ही तेथे न्याहारीची शहरी वस्तू, त्यामुळे आमची म्हातारी लेकीच्या मायेवर पुष्ट होण्याऐवजी एखाद्या उपाहारगृहात फळ खात बसल्याचे चित्र मुलांपुढे उभे राहिले. दुधातुपाचा संसार ज्या देशाच्या जुन्या स्वयंपाकघरात नाही, तेथे तुपाचा पर्याय शोधण्यापेक्षा तुपातला अर्थ शोधावा, हे उशिरा सुचले. चिकट तांदळाचा वाफवलेला भात, त्याला ‘सोय’ म्हणतात, त्यावर कोंबडीची चरबी आणि परतलेली कांद्याची पात! हे ऐकताच धाकटीने ओठ चाटले, आणि ते कलम निकालात निघाले.

वाघाने मात्र काहीच त्रास दिला नाही. आपण ज्याला भीतिपूर्वक ‘वाघोबा’ म्हणतो त्याला तेथील लोकही आदरार्थी ‘ओंग’ लावतात, त्याचे नाव उघड घेण्याचे टाळून त्याला ‘तीस नंबरचे आजोबा’ अशा अर्थाचे ‘ओंग बा मुओई’ म्हणतात, आणि पाच रंगांच्या पाच वाघांचे चित्र देवळात पूजतात. तेव्हा त्याच्या अंगचा दरारा आयताच हाती आला. भोपळ्याने थोडा विचार करायला लावला, कारण आपण लाल भोपळा आणि दुध्या भोपळा यांना एकाच आडनावाने हाक मारतो, तर तेथे ‘बी’ निराळा आणि ‘बाऊ’ निराळा. ‘बाऊ’ घेतला असता तर शाळेत शिकलेल्या, एका दुध्यातून निरनिराळे मानवसमूह बाहेर पडल्याच्या कथेची आठवण होऊन मुलांनी म्हातारीमागून आणखी दहा माणसांची वाट पाहिली असती. म्हणून ‘बी’ घेतला. टुणुक टुणुकसाठी ‘लान लोंग लोक’, म्हणजे गडगडत जाणे, हा तेथला बोलका शब्दसमूह मिळाला. त्यापुढे ‘बी’ ठेवताच चार अक्षरांचा चरण झाला, आणि चार अक्षरांच्या चरणांवर तेथली बालगीते नाचतातच. आपला भोपळा उड्या मारतो, त्यांचा गडगडतो. एवढा फेरफार मी मुकाट्याने मान्य केला.

खरी पंचाईत झाली ती जिकडे माझे लक्षही नव्हते तिकडे. ‘मी’ आणि ‘तू’ हे आपण श्वासासारखे वापरतो; परंतु व्हिएतनामी संभाषणात बोलणारा बहुधा स्वतःला आजी, काका, धाकटा भाऊ असे नाते लावूनच बोलतो, आणि समोरच्याचे नाते ठरल्याखेरीज वाक्य सुरूच होत नाही. वाघाला उद्दाम ‘ता’ दिले. म्हातारीने त्याला ‘ओंग’ म्हणून स्वतःसाठी तटस्थ ‘तोय’ घेतले. पण परतीच्या वाटेवर भोपळ्याच्या आतून, म्हातारी मला ठाऊक नाही, असे ती सांगते तेव्हा त्या ‘मला’चे काय करावे? आजी या अर्थाचे ‘बा’ म्हटले तर बिंग तत्क्षणी फुटते! मसुदा तपासणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सुचवले की कर्ता गाळावा, नुसतेच ‘कोणी म्हातारी दिसली नाही’ म्हणावे. त्या भाषेत ते सहज खपते.

वाघापुढे मी तसेच केले. कोल्ह्यापुढे मात्र, तो वयाने लहान असल्याचे भान राहून, म्हातारी सवयीने बोलून गेली की ‘बाला काही ठाऊक नाही’. कोल्हा थांबला. त्याने विचारले, भोपळ्याला ‘बा’ केव्हापासून म्हणू लागले? तिन्ही मुले किंचाळली, कारण ही चूक त्यांना कोल्ह्याच्या आधी कळली होती. पुढे भोपळा फुटला, म्हातारीने धूम ठोकली आणि घराची कडी लावली, तेथवर सर्व मराठीप्रमाणे.

परत आल्यावर पुण्यात नातवाला तीच गोष्ट सांगताना या जागी मी अडखळलो. इथल्या कोल्ह्याला पूर्वीप्रमाणे आवाजच ओळखावा लागला.