परत आलेलं पान

हिवरे बाजारात एका घराच्या ओट्यावर बसून मी लॅपटॉपवर माझं काम दाखवत होते. नाल्यावरच्या बांधाचा सांडवा, मागे समतल चरांच्या रेघा ओढलेला डोंगर, वर राखाडी आभाळ. सगळं फोटोसारखं स्तब्ध, फक्त सांडव्यावरून उतरणारं पाणी वाहत होतं. शेजारी बसलेले एक म्हातारे बाबा बराच वेळ टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, “ताई, ते पान परत आलं बघा.”

मी पुन्हा पाहिलं. पाण्याच्या डाव्या धारेतून लिंबाचं एक पिवळं पान घरंगळत खाली यायचं, दगडाआड जायचं आणि बरोबर चार सेकंदांनी पुन्हा वर दिसायचं. दोन दिवस त्या चित्रावर बसूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. उभा जन्म पाण्याकडे बघण्यात गेलेल्या माणसाला ते दोन मिनिटांत दिसलं.

अशा चित्राला सिनेमाग्राफ म्हणतात. हे नाव न्यूयॉर्कच्या जेमी बेक आणि केविन बर्ग या जोडीने 2011च्या सुमारास रूढ केलं. एक छायाचित्रकार, दुसरा हलत्या चित्रांचं काम करणारा. कल्पना साधी आहे. कॅमेरा अजिबात न हलवता व्हिडिओ घ्यायचा, त्यातली एक चौकट फोटो म्हणून वर ठेवायची आणि त्या फोटोला हवं तिथे भोक पाडून खालचा व्हिडिओ दिसू द्यायचा. त्या भोकाच्या आकाराला आम्ही मास्क म्हणतो. खालचा व्हिडिओ चार-पाच सेकंदांचाच असतो, पण त्याचा शेवट सुरुवातीला असा जोडलेला असतो की तो अखंड चालू आहे असं वाटावं. मास्क आणि जोड या दोनच गोष्टींवर सगळं काम उभं राहतं किंवा पडतं.

हिवरे बाजार मी विचार करून निवडलं होतं. नगर शहराच्या पश्चिमेचं हे गाव पर्जन्यछायेतलं, वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पावसाचं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर 1990च्या दशकात गावाने डोंगरावर चर खोदले, नाल्यांवर बांध घातले, झाडं लावली आणि जपली. पाणलोटाच्या कामात एक बोलणं सगळीकडे ऐकू येतं: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं, थांबलेल्याला जिरवायचं. त्यामुळे इथे वाहतं पाणी शोधावं लागतं. चांगला पाऊस झाला, चर भरले, बांध भरला, की मगच सांडवा वाहतो, आणि तोही थोडे दिवस. या भागात मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. मी तेव्हाच गेले.

सांडव्यावरचं पाणी धबधब्यासारखं कोसळत नव्हतं. दगडी पिचिंगवरून ते पातळ पदरासारखं उतरत होतं आणि दोन वर आलेल्या दगडांमुळे त्याच्या तीन धारा झाल्या होत्या. खाली एक लहान डबकं, त्याच्या काठाला गवत. मी ट्रायपॉडचे पाय दगडांत घट्ट रोवले, मधल्या दांड्याला पिशवी टांगून वजन दिलं आणि कॅमेऱ्याचं सगळं स्वयंचलित बंद केलं. फोकस, प्रकाश, रंगाचा समतोल, सगळं हाताने ठरवून कुलूपबंद. त्यातलं काहीही चित्रणात आपोआप बदललं, तर स्तब्ध फोटो आणि हलतं पाणी यांच्या रंगांत फरक पडतो आणि मास्कची कड उघडी पडते.

पाण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा शटरचा. सेकंदाला 25 चौकटी घेताना मी शटर 1/50 ठेवते. एवढ्या वेळात पाणी थोडं सरकतं, म्हणून प्रत्येक चौकटीत त्याचे मऊ दोरे दिसतात. तेच शटर 1/1000 केलं, तर प्रत्येक थेंब मण्यासारखा सुटा उमटतो. एकेकटी चौकट सुरेख दिसते, पण असे सुटे थेंब जोडाच्या जागी एकमेकांवर येऊन भुतासारखे दुहेरी दिसतात. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, म्हणून एफ 8 आणि आयएसओ 100वर काम भागलं. कडक ऊन असतं तर भिंगावर उजेड कमी करणारी काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावाच लागला असता. सहा मिनिटं चित्रण केलं. त्यातली पाच सेकंदं वापरायची होती.

आता जोड. पाच सेकंदांचा तुकडा घेतला. त्यातलं शेवटचं एक सेकंद हळूहळू विरत जातं आणि त्याच वेळी पहिलं सेकंद हळूहळू उमटत जातं, असं दोन्ही एकावर एक ठेवलं. हाताशी चार सेकंदांचं आवर्तन राहतं. त्याचा शेवट जिथे होतो तिथूनच त्याची सुरुवात होत असल्याने उडी कुठेच दिसत नाही. पाण्याचे दोरे प्रत्येक क्षणी वेगळे, तरी एकमेकांसारखे असतात, म्हणून एकातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला पत्ता लागत नाही.

लागत नाही असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर लागतो. दोन वेगवेगळे पोत अर्धे-अर्धे मिसळले की उजळ आणि काळोख्या जागा एकमेकींना खोडतात आणि पाणी क्षणभर फिकट, गुळगुळीत दिसतं. चार सेकंदांनी एकदा, पुन्हा चार सेकंदांनी एकदा. पाणी श्वास घेतंय असा भास होतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. यावर मला सापडलेला उपाय त्या सांडव्याच्या रचनेतच होता. तिन्ही धारांना मी तीन वेगळे मास्क केले आणि प्रत्येकीचा जोड वेगळ्या वेळी ठेवला. एक धार फिकी पडते तेव्हा उरलेल्या दोन तिखट असतात, त्यामुळे एकूण पाण्याचा श्वास लपतो. दोन धारांमध्ये दगड होते म्हणून हे जमलं. अखंड पाण्याच्या मधोमध मास्कची हद्द आखली असती, तर तिथे शिवण दिसली असती.

पानाची गोष्ट मात्र जोडाने सुटत नाही. जे एकदाच घडतं ते आवर्तनात घालायचं नसतं. पान, मोठा बुडबुडा, पाण्यावर टेकलेला चतुर, यांपैकी काही त्या पाच सेकंदांत आलं, की बघणाऱ्याला घड्याळ मिळतं आणि चार सेकंदांची फेरी तो मोजू लागतो. बाबांनी दाखवल्यावर मी सहा मिनिटांचं चित्रण पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. या वेळी नजर एकेका धारेवर ठेवली. निर्मळ पाच सेकंदं चौथ्या मिनिटात सापडली.

मग मास्कच्या कडा. माझा नियम असा, की कड तिथेच आखायची जिथे निसर्गाने आधीच आखली आहे. पाणी आणि दगड यांची हद्द वरवर सोपी वाटते, पण पाण्यालगतचा दगड ओला असतो, त्यावर शिंतोडे उडतात, चमक लुकलुकते. कड पाण्यालगत ठेवली, तर ती चमक गोठते आणि जिवंत पाण्याशेजारी मेलेला दगड दिसतो. म्हणून कड ओल संपते तिथे, कोरड्या दगडावर न्यायची, आणि तिथे ती तीन-चार पिक्सेलइतकीच मऊ ठेवायची. डबक्याचं उलटं. तरंगांना काठ नसतो, ते दूर जाता जाता विरतात. तिथे मी कड दोनशे पिक्सेल रुंद पसरून मऊ केली, म्हणजे हलणं विरत विरत स्तब्ध होतं, जसं ते खरंच होत होतं. आणि गवत? ज्या पात्याचं टोक पाण्यात आहे ते अख्खं हलू द्यायचं, अगदी बुडख्यापर्यंत. नाहीतर पातं मध्येच मोडल्यासारखं दिसतं, अर्धं थरथरतं आणि अर्धं ताठ.

काही सुटलं का हे डोळ्यावर सोपवू नये. स्तब्ध चौकट आणि व्हिडिओ एकमेकांतून वजा करून बघायचं. संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘डिफरन्स’ नावाची सोय असते. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसतं, जिथे हललं तिथे उजळ. माझ्या मास्कबाहेर एक उजळ ठिपका निघाला. वरच्या दगडावरून ओघळणारी बोटभर जाडीची धार मी पाहिलीच नव्हती. तिलाही वाट करून दिली.

“ढग का नाही चालवले?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ढग चालवता येतात. दर दोन सेकंदांनी एक असे दहा मिनिटं फोटो घेतले, तर तीनशे फोटो होतात आणि ते बारा सेकंद चालतात. पण तेव्हा ढगांचा काळ पन्नासपट वेगाने धावतो आणि पाणी आपल्या चालीने वाहतं. एका चौकटीत दोन घड्याळं होतात. शिवाय सुट्या ढगांची सावली डोंगरावरून सरकते. डोंगर स्तब्ध ठेवून वरचे ढग हलवले, तर सावली जागीच अडकते. डबक्यात आभाळाचं प्रतिबिंब असेल, तर तेही ढगांबरोबर सरकायला हवं. ढगच चालवायचे असतील, तर पाणी चौकटीबाहेर ठेवावं आणि आभाळ असं निवडावं की सावली पडणारच नाही. त्या दिवशीचं आभाळ एकसंध राखाडी होतं, ते थांबलं तरी कोणाला खटकत नाही.

दुरुस्त केलेलं चित्र घेऊन मी पुन्हा त्या ओट्यावर गेले. बाबांनी पाच मिनिटं पाहिलं. पान आलं नाही. मग ते म्हणाले, “आता बरोबर आहे. पण हे पाणी ओसरत नाही.”

त्या गावात हे वाक्य सहज म्हटलेलं नसतं. तिथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी पिण्याचं, मग गुराढोरांचं, आणि उरेल त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा गावाचा नियम आहे. माझ्या चित्रातलं पाणी मात्र कोणत्याही हिशेबात न बसणारं, कधीच न संपणारं होतं. जोड जितका निर्दोष, तितकी ही थाप पक्की.

म्हणून मेमध्ये मी परत गेले. ट्रायपॉडचे पाय ज्या दगडांत रोवले होते ते सापडले. तेच भिंग, तीच उंची, तीच चौकट. सांडवा कोरडा होता, डबक्याच्या जागी भेगाळलेला गाळ. हलवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून साधा फोटो घेतला. आता ती दोन्ही चित्रं मी शेजारी शेजारीच लावते, दोन्हींखाली तारीख लिहून. बघणारे आधी सप्टेंबरचं पाणी बघतात, मग मेच्या फोटोतही काही हलतंय का ते शोधत राहतात.