प्रिय विलास, आपले हार्दिक अभिनंदन!

माझ्या मावशीला परवा एका कार्यालयाचं पत्र आलं. छापील, शिक्क्यासकट. वर लिहिलं होतं, "प्रिय श्री. विलास". विलास म्हणजे आमचे काका. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मावशीने पत्र न वाचता घडी करून ठेवलं. आतमध्ये तिच्याच अर्जाचा निकाल होता, तो दुसऱ्या दिवशी कळला.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही आणि उद्या ते कुठल्याही कार्यालयात होऊ शकतं. पण हे कसं घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण गावोगावी सोसायट्या, वाचनालयं, पतसंस्था, नगरपालिका आता याद्यांवरून एकगठ्ठा पत्रं पाठवतात. मीही आमच्या वाचनालयाची सभासदांना जाणारी पत्रं काढतो.

मूळ गोष्ट अशी. आपण बोलताना नाव आधी घेतो, आडनाव शेवटी. पण शाळेचं रजिस्टर, दहावीची गुणपत्रिका, मतदारयादी यांत आडनाव पहिलं : "शिंदे कमल विलास". जपान, कोरिया, हंगेरीतही आडनाव आधी येतं, पण तिथे बोलतानाही तोच क्रम असतो. आपल्याकडे एकच बाई एका यादीत "कमल विलास शिंदे" असते आणि दुसरीत "शिंदे कमल विलास". दोन याद्या एकत्र केल्या की एकाच रकान्यात दोन्ही क्रम नांदायला लागतात.

यादी करणारा एक्सेलमध्ये शेवटचा शब्द काढतो, कारण "आडनाव शेवटी असतं" असं त्याने कुठेतरी शिकलेलं असतं :

```
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(A2," ",REPT(" ",100)),100))
```

सूत्र अगदी बरोबर आहे. पण "शिंदे कमल विलास" यावर ते "विलास" देतं. विलास हे पुरुषाचं नाव, म्हणून पुढे "श्री." लागतं. मधलं किंवा शेवटचं नाव वडिलांचं वा नवऱ्याचं असल्यामुळे आपल्या याद्यांत हा घोळ नेहमी बायकांच्याच वाट्याला येतो. पुरुषाला वडिलांच्या नावाने हाक गेली तरी निदान "श्री." तरी बरोबर पडतं.

बरं, समजा शब्द बरोबर निवडला, "कमल" मिळालं. आता स्त्री की पुरुष? उत्तरेकडच्या नावांवरून बनवलेली तयार यादी म्हणेल, पुरुष. आपल्याकडे कमल, विमल, सुमन या आज्या-मावश्या. किरण, शीतल, शशी तर दोन्हीकडे. काही जण नावाच्या शेवटच्या अक्षरावरून ठरवतात, 'आ' किंवा 'ई' आली की स्त्री. या नियमाने शिवाजी, तानाजी, संभाजी, दत्ता आणि हरी सगळे "श्रीमती" होतात! खात्रीची खूण एकच, नावातच बाई, ताई किंवा राव लिहिलेलं असलं तर. बाकी सगळा अंदाज.

आणि अंदाज बरोबर निघाला तरी मराठीत पुढचा खड्डा आहेच. सौ. की श्रीमती? सौ. म्हटलं की नवरा हयात आहे असं तुम्ही गृहीत धरता. श्रीमती सरकारी कागदांत सगळ्याच बायकांना लावतात, पण घराघरांत ते अजूनही विधवेचं समजलं जातं. यादीत यातलं काहीच नसतं. माझं स्पष्ट मत आहे की सौ., कु., श्रीमती हे त्या व्यक्तीने स्वतः लिहिलं असेल तरच छापावं. "श्री./श्रीमती" अशी तिरकी रेघ निदान खोटं बोलत नाही, पण ते पत्र कुणालाच आपलं वाटत नाही.

मग करायचं काय? मी दोन कामं वेगळी ठेवतो, क्रम आणि मायना.

क्रमासाठी : आमच्या ऑनलाइन अर्जात आडनावाला वेगळा रकाना आहे. तिथली सगळी आडनावं उचलून S या रकान्यात टाकली. ही आपल्याच गावची, म्हणून बाहेरच्या कुठल्याही यादीपेक्षा कामाची. मग जुन्या यादीतल्या नावांमधल्या जादा मोकळ्या जागा काढल्या, पहिला शब्द B मध्ये आणि शेवटचा C मध्ये घेतला आणि हे लावलं :

```
=IF(COUNTIF(S:S,B2)>0,1,0)+IF(COUNTIF(S:S,C2)>0,2,0)
```

उत्तर 1 आलं तर आडनाव पहिलं, 2 आलं तर शेवटचं. 0 म्हणजे दोन्ही शब्द अनोळखी, 3 म्हणजे दोन्ही आडनावासारखे. 0 आणि 3 वाली नावं डोळ्यांनी बघायची. त्यात काय सापडतं? "पाटिल" असं ऱ्हस्व लिहिलेलं, आडनाव न लावणारे लोक, "राजे भोसले" अशी दोन शब्दांची आडनावं. ज्यांचं कळत नाही त्यांचं नाव आहे तसंच ठेवायचं. हजेरी घेतल्यासारखं वाटेल, पण चुकीच्या माणसाला हाक जाणार नाही.

मायन्यासाठी तर काही शोधायचीच गरज नाही. आपल्या जुन्या पत्रलेखनात सोय आहे :

"कमल विलास शिंदे यांस,
स. न. वि. वि."

"यांस" बाईलाही चालतं, पुरुषालाही. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष" यात तर नावच नाही. इंग्रजी नमुन्यातलं डिअर आणि मिस्टर उचलून मराठीत आणायच्या नादात आपण हे सोडून दिलं.

वर नीट लिहून आत घसरायचं, असंही होतं. "आपण पात्र ठरला आहात" हे पुरुषाला झालं, बाईला "ठरल्या आहात". "आपण पात्र ठरलात" दोघांना चालतं. त्याहून सोपं, वाक्य अर्जावर न्या : "आपला अर्ज मंजूर झाला आहे". पत्राचा मसुदा एकदा फक्त क्रियापदं बघत वाचला की असली वाक्यं लगेच सापडतात.

अजून एक गोष्ट येऊ घातली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. निर्णय चांगलाच आहे. पण "दुसरा शब्द म्हणजे बापाचं नाव" असं धरून बसलेली सगळी सूत्रं या मुलांच्या शाळाप्रवेशाच्या याद्यांवर आपटणार. ज्यांच्याकडे अशा याद्या येतील त्यांनी अर्जाचे रकाने आत्ताच वेगळे करून घ्यावेत : नाव, आईचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव. आणि एक ऐच्छिक रकाना, "पत्रात तुम्हाला काय म्हणून संबोधावं?" आमच्याकडे एका आजोबांनी तिथे "गुरुजी" लिहिलंय. त्यांना तेच जातं.

मावशीच्या कार्यालयात मी हा मायन्याचा नमुना लिहून दिला आहे. तिथल्या ताईंनी ठेवून घेतला, पुढच्या खेपेला वापरतो म्हणाल्या.

कमल, विमल, सुमनसारखी, बाहेरच्यांना पुरुषांची वाटणारी बायकांची नावं तुमच्या भागात आणखी कोणती आहेत? खाली लिहा. डोळ्यांनी बघायच्या यादीत घालतो.