दोन जिने, एकच लॉबी

परवा ऑफिसात फायर ड्रिल झालं. भोंगा वाजला आणि आमच्या चौथ्या मजल्यावरची सगळी जनता लिफ्टसमोरच्या लॉबीत जमली. दोन्ही जिन्यांची दारं तिथेच, एकमेकांपासून ७ मीटरवर. संध्याकाळी हे एका आर्किटेक्ट मित्राला सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं, "आणि धूर लॉबीतच झाला तर?"

२०१० साली बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली तेव्हा लोक धुरात अडकले होते. ९ जण गेले. तेही ऑफिसंच होती, ७ मजल्यांची.

मग टाइल्स मोजून (दोन फुटी आहेत, सोपं पडतं) कागदावर मजला काढला. ४८ मीटर लांब, २० रुंद. जिने मधोमध. कोपऱ्यापासून सरळ रेषेत अंतर येतं २६ मीटर. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ऑफिससाठी मर्यादा ३० ची, म्हणजे मी खूश. मित्र हसला. "तू काय टेबलांवरून उडत जाणार?" चालत जायचं तर २४ अधिक १०, ३४ मीटर. नापास! स्प्रिंकलर असले की मर्यादा दीडपट होते, ४५. आमच्याकडे आहेत, म्हणून पास.

पण अंतर हा अर्धाच प्रश्न. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी राहिली पाहिजे. अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ चा ठोकताळा असा: दोन जिन्यांमध्ये मजल्याच्या कर्णाच्या निम्मं तरी अंतर हवं, स्प्रिंकलर असतील तर एक तृतीयांश. आमचा कर्ण ५२. म्हणजे किमान १७ मीटर. आमचे ७.

"मग जिने दोन टोकांना ढकलू," मी म्हणालो. गंमत अशी की तेव्हा मजल्याच्या मध्यावर, खिडकीपाशी बसणाऱ्याला पुन्हा २४ अधिक १०! तेच ३४. मित्राने दोन्ही जिने टोकांपासून ६-६ मीटर आत ओढले. आता मधल्या माणसाला १८ अधिक १०, २८ मीटर. टोकाच्या कोपऱ्यातून १६. जिन्यांमध्ये ३६ मीटर. स्प्रिंकलर नसतानाही बसतं, आणि टोकाला उरलेली ६ मीटरची बंद गल्ली चालून जाते. अर्थात बांधून झालेल्या इमारतीत जिना कोण हलवणार?

हे अंतर जिन्याच्या दारापर्यंतच मोजतात, कारण ते दार मिटलं की धूर बाहेर राहतो असं धरलेलं असतं. सोमवारी जाऊन बघितलं. एक दार २० लिटरच्या पाण्याच्या जारने उघडं अडवून ठेवलेलं. जार उचलून पॅन्ट्रीत नेऊन ठेवला. दुपारी चहाला गेलो, तर तो परत दारात.