आकडा एकटा राहिला की...

माझी भाची दापोलीजवळ दोन खोल्यांची घरगुती मुक्कामाची सोय चालवते. तिची छोटीशी वेबसाईट आहे, आणि ती किती लोक पाहतात हे गूगल अ‍ॅनालिटिक्स तिला सांगतं. तिने त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला होता. कोपऱ्यात तिच्या खात्याचा ईमेल दिसत होता, म्हणून थोड्या वेळाने काढूनही टाकला. चित्र गेलं, पण "२५ टक्के वाढ!" एवढं लोकांच्या डोक्यात राहिलं. तिचा भाऊ तर म्हणाला, "मग तिसरी खोली बांधूया की, मी पैसे घालतो."

तिचा मला फोन आला. "मामा, चित्र परत टाकत नाही. मी वाचते, तुम्ही टाइप करून द्या." फळ्यावरचं उतरवून देण्यात माझा जन्म गेला, म्हणून बसलो. अखेर ग्रुपवर गेलं ते असं :

```
Google Analytics 4
1–28 Oct 2025
Preceding period: 3–30 Sep 2025
Active users: 620, +25.0%
Views: 1.5K, -7.0%
Bounce rate: 48%, +20.0%
```

सहाच ओळी, पण प्रत्येकीवर आमची चर्चा झाली.

पहिलं म्हणजे नावं. मी आधी "भेट देणारे" असं मराठी करणार होतो, पण पडद्यावरचं नाव जसंच्या तसं ठेवलेलं बरं. `Bounce rate` हेच पाहा ना. गूगलच्या जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये एकच पान पाहून गेलेला माणूस त्यात मोजला जायचा, मग तो ते पान दहा मिनिटं वाचत बसलेला का असेना. नव्यात तसा माणूस दहा सेकंदांहून जास्त थांबला तर मोजला जात नाही. नाव तेच, अर्थ निराळा! जुन्याने १ जुलै २०२३ पासून नोंद घेणं थांबवलं आणि १ जुलै २०२४ पासून त्यातली माहिती उघडणंही बंद झालं. म्हणून तक्ता कुठला, हेही पहिल्या ओळीत हवंच.

दुसरं, तारखा. पडद्यावर `Last 28 days` असं होतं. पण हे शब्द रोज पुढे सरकतात, आज वाचणाऱ्याचे अठ्ठावीस दिवस वेगळे. म्हणून खऱ्या तारखा लिहिल्या. आणि कशाशी तुलना केली, त्याच्याही. खरी मेख तिथेच होती. आधीचे अठ्ठावीस दिवस म्हणजे ३ ते ३० सप्टेंबर. त्यात पाऊस, शिवाय पितृपक्ष. नंतरच्यात दिवाळीची सुट्टी. पंचवीस टक्के वाढ झाली ती या दोन महिन्यांमधली, धंद्यातली असेलच असं नाही.

"मग गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी ताडून बघू?" भाची म्हणाली. तशी सोय त्यात आहे, पण तीही जपूनच वापरायची. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे त्याच तारखा घेतल्या तर एका वर्षी दिवाळी आत येते, दुसऱ्या वर्षी बाहेर राहते. सप्टेंबर ते नोव्हेंबर सलग घेतले तर दोन्ही वर्षांची तुलना बरीचशी न्याय्य होईल.

तिसरं, टक्के. चित्रात बाण असतात, रंग असतात. टाइप करताना ते गळून पडतात आणि "7.0%" एवढंच उरतं. वाढ की घट? म्हणून अधिक-उण्याचं चिन्ह घातलं. `Bounce rate` पुढचं अधिक मात्र चांगलं नव्हे, लोक लवकर निघून गेले असं ते सांगतं. शिवाय ते २० टक्के म्हणजे वीस अंकांची वाढ नाही. ४० चे ४८ झाले, वाढले आठच अंक, पण चाळिसाचा पाचवा भाग म्हणून २० टक्के. शाळेत शेकडेवारी शिकवताना मुलं इथेच अडायची.

आणि `1.5K` चे मी १,५०० केले नाहीत. मूळ आकडा १,४५० ते १,५४९ मधला कुठलाही असू शकतो. पडद्याने जेवढं सांगितलं तेवढंच आपण सांगावं.

मूळ आकडा नसला तर मागे जाता येतं. ६२० ला १.२५ ने भागलं की ४९६. म्हणजे माणसं वाढली सव्वाशेच्या आसपास, पाहिलेली पानं मात्र घटली. पाहून गेलेले मुक्कामाला आले का, हे त्या तक्त्यात नाहीच, ते तिच्या नोंदवहीत आहे.

भाचा आता नोंदवही मागतोय. तिसऱ्या खोलीचं बोलणं तूर्तास थांबलंय.