उघडलेली व्हायल आणि एक लांब वाक्य

लसीकरणाचं प्रशिक्षण देताना माझ्यासमोर नेपाळ, टांझानिया, लाओस, इथिओपिया अशा ठिकाणांहून आलेल्या परिचारिका आणि लसभांडार सांभाळणारे लोक असतात. इंग्रजी त्यांचीही घरची भाषा नाही आणि माझीही नाही. या प्रशिक्षणातल्या एका स्लाइडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. उघडलेल्या व्हायलचं काय करायचं, याची ती स्लाइड.

तिच्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचं 2014 मध्ये सुधारलेलं धोरण आहे. अनेक डोसची व्हायल एकदा उघडली की सत्र संपल्यावर किंवा 6 तासांच्या आत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा टाकून द्यावी. चार अटी पूर्ण होत असतील तरच ती उघडल्यापासून 28 दिवसांपर्यंत ठेवून वापरता येते. त्या अटी अशा: लस संघटनेची पूर्वमान्यता असलेली हवी, उघडल्यावर 28 दिवस वापरायला ती मंजूर हवी, तिची मुदत संपलेली नसावी आणि ती सतत योग्य तापमानात ठेवलेली असावी. शेवटच्या अटीतच आणखी दोन गोष्टी येतात: व्हायलवरचा उष्णतादर्शक ठिपका, म्हणजे व्हीव्हीएम, असेल तर तो दिसत असावा व त्याने वापराची हद्द ओलांडलेली नसावी, आणि लस गोठून खराब झालेली नसावी.

स्लाइड सोपी करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी मोठ्या शब्दांकडे जातो. ‘डायल्युएंट’ काढा, ‘डिस्कार्ड’च्या जागी ‘थ्रो अवे’ घाला, असं सुचवलं जातं. पण या मंडळींना ‘डिस्कार्ड’ रोज भेटतो, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांत. ‘थ्रो अवे’ मात्र दोन छोट्या शब्दांनी बनलेलं, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातलं क्रियापद आहे. परक्या माणसाला तेच जड जातं. शिवाय एका स्लाइडवर ‘डिस्कार्ड’, पुढच्यावर ‘थ्रो अवे’ आणि तिसऱ्यावर ‘डिस्पोज’ लिहिलं, तर वाचणारा या तीन वेगळ्या कृती समजतो. त्याला दोष देता येत नाही, कारण व्हायल वापरातून काढणं आणि कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट लावणं ही खरोखरच दोन कामं आहेत. म्हणून कामाचा शब्द मी तसाच ठेवते आणि शेवटच्या स्लाइडपर्यंत बदलत नाही.

अडचण असते ती लहान शब्दांत. ‘अनलेस’, ‘अप टू’, ‘विदिन’, ‘व्हिचेव्हर कम्स फर्स्ट’. सगळी अचूकता यांच्यावर उभी असते आणि वाचताना नजर यांच्यावरूनच घसरते.

‘अनलेस’चंच बघा. तो मोडायचा तर वाक्याचे दोन तुकडे करावे लागतात, आणि मग कुठला तुकडा वर ठेवायचा हा खरा प्रश्न. ‘चार अटी पूर्ण असतील तर व्हायल ठेवता येते; नसतील तर टाका’ हे वाचायला सरळ आहे, पण मी ते उलटं लिहिते. आधी ‘उघडलेली व्हायल टाका’, त्याखाली ‘या चारही अटी पूर्ण असतील तरच ठेवता येते’. मागच्या रांगेतल्याला स्लाइड अर्धीच वाचता येते, कुणी मोबाइलवर फोटो काढतो तोही वरचाच भाग येतो. अर्धं वाचणाऱ्याच्या हातून एखादी चांगली व्हायल वाया गेली तर नुकसान डोसांचं होतं, वाईट व्हायल ठेवली गेली तर बाळाचं. धोरणाने मूळ नियम टाकण्याचा ठेवला आहे, तो सोपेपणासाठी खाली सरकवायचा नाही.

‘जे आधी होईल ते’ याचं सोपं रूप करायला बसलं की पटकन एक वाक्य सुचतं: सत्र संपलं की टाका, सत्र 6 तासांपेक्षा मोठं असेल तर उघडल्यापासून 6 तासांनी टाका. छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द. आणि तरीही चूक. समजा सत्र सकाळी 8 ते दुपारी 3 आहे, म्हणजे 7 तासांचं. एक व्हायल 11 वाजता उघडली. या वाक्याप्रमाणे ती संध्याकाळी 5 पर्यंत चालते, प्रत्यक्षात ती 3 वाजता, सत्र संपताच, टाकायला हवी. वाक्याने घड्याळ सत्राला लावलं, धोरणाने ते प्रत्येक व्हायलला लावलं आहे. त्यामुळे स्लाइडवर आता पहिली ओळ आहे, ‘व्हायलवर उघडल्याची वेळ लिहा’. दुसरी, ‘त्या वेळेपासून 6 तास होण्याआधी टाका’. तिसरी, ‘सत्र त्याआधी संपलं? मग तेव्हाच टाका’. खाली दोन व्हायलचं उदाहरण: सत्र 8 ते 3, पहिली 8 वाजता उघडली, तिची शेवटची वेळ 2, दुसरी 11 वाजता उघडली, तिची 3. एका उदाहरणाने भागत नाही. ज्या शब्दाला दोन बाजू आहेत त्याला दोन उदाहरणं लागतात.

‘अप टू 28 डेज’ची गंमत वेगळी नाही. अनेकजण ते ‘28 दिवस चालते’ असं वाचतात. ‘नॉट मोर दॅन’ लिहिलं की ती वरची मर्यादा आहे हे दिसतं, आणि त्याच ओळीत मुदतीची तारीख आधी येत असेल तर तीच शेवटची, हेही सांगते.

परवानगीच्या शब्दाशी मी फार जपून वागते. धोरण म्हणतं ठेवता ‘येते’. स्लाइड आखूड करताना त्याचं ‘ठेवा’ झालं, तर परवानगीचा हुकूम होतो आणि ज्या केंद्रात फ्रिजचा भरवसा नाही तिथली परिचारिका केवळ स्लाइडने सांगितलं म्हणून व्हायल ठेवते. ‘मे’ हा शब्द मात्र मी काढून टाकते. त्याचा अर्थ ‘परवानगी आहे’ असाही होतो आणि ‘कदाचित’ असाही. परवानगीसाठी ‘कॅन’ आणि शक्यतेसाठी ‘इट इज पॉसिबल’, एवढं ठरवून टाकलं की घोटाळा मिटतो.

व्हीव्हीएमच्या स्लाइडवर चित्र असतंच, तरी शब्दांत एक फट राहते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर वापरा, गडद असेल तर टाका. रंग सारखाच असेल तर? नेमका तोच टाकण्याचा बिंदू आहे, आणि वाक्य सुटसुटीत करताना ‘सेम’ हाच शब्द आधी गळतो. दुसरं, ‘व्हीव्हीएम ठीक म्हणजे लस ठीक’ अशी ओळ लोकांना फार आवडते, लक्षातही राहते. ती मी कुणाच्याही स्लाइडवर राहू देत नाही. व्हीव्हीएम फक्त साठलेली उष्णता दाखवतो. लस गोठली होती का, हे तो सांगत नाही. मुदतीची तारीखही वेगळी पाहावी लागते.

आता ही स्लाइड बरोबर उतरली की नाही, हे ‘समजलं का?’ विचारून कळत नाही. सगळे मान डोलावतात, पाहुणे असल्यासारखे. मी आदल्या दिवशी एक-दोन सहभागींना स्लाइड दाखवते, मग ती झाकते आणि टेबलावर तीन रिकाम्या व्हायल ठेवते, प्रत्येकीवर लसीचं नाव, मुदत आणि उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली. विचारते, ‘आता दुपारचे 4 वाजलेत, सत्र संपलंय. यातली कुठली फ्रिजमध्ये जाईल?’ एकदा टांझानियाच्या एका परिचारिकेने गोवराची व्हायल ठेवण्याच्या बाजूला सरकवली. गोवराची लस पाणी मिसळल्यावर 28 दिवसांच्या नियमात बसत नाही. मी कारण विचारलं तेव्हा तिने शांतपणे तीन अटी बोटांवर मोजल्या: मान्यता, मुदत, तापमान. 28 दिवसांची मंजुरी तिने मोजलीच नव्हती, कारण पूर्वमान्यता आणि ही मंजुरी दोन्ही ओळींत ‘अप्रूव्ह्ड’ हाच शब्द होता आणि तिच्या नजरेत त्या दोन ओळी एक झाल्या होत्या. त्या दिवसापासून दुसऱ्या अटीत मंजुरीचा शब्द नाही. तिथे कुठल्या लसी 28 दिवस ठेवता येतात आणि कुठल्या नाहीत, त्यांची नावं आहेत. धोरणाचं मूळ वाक्य, सगळ्या ‘अनलेस’सकट, हातात देण्याच्या कागदावर छापलेलं असतं.