पीठ डावाला चिकटतं तेव्हा

माझ्या डोशाच्या वर्गात ठरलेली तक्रार असते: पीठ पसरतच नाही, डावाबरोबर गोळा होऊन वर येतं. मग कोणी पिठात पाणी वाढवतं, कोणी उडदाला नावं ठेवतं. मी आधी तवा बघते. बहुतेक वेळा तो भलताच तापलेला असतो. तांदळातला स्टार्च सत्तरएक अंशांना पाणी शोषून घट्ट व्हायला लागतो. तवा फार गरम असला की डाव फिरण्याआधीच खालचा थर धरतो आणि फिरणारा डाव तो उचकटतो.

त्यातून बिडाचा तवा जड. तापायला वेळ घेतो आणि तापला की उष्णता सोडत नाही. पहिला डोसा फिका, दुसरा-तिसरा सुरेख, चौथा गोळा, असं होतं ते यामुळेच. आच तीच ठेवलेली असते आणि तवा मात्र तापतच जातो.

म्हणून तवा मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापवावा, म्हणजे कडाही गरम होतात. मग पाणी शिंपडावं. थेंब रेंगाळत उकळले तर तवा अजून थंड आहे. गोळ्या होऊन ते तव्यावर घरंगळले तर फार तापलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, म्हणून तो तव्याला टेकतच नाही. चर्र करून क्षणात नाहीसे झाले तर बरोबर.

शिंपडलेलं पाणी तवा निववतंसुद्धा. उडुपी हॉटेलांत तव्यावर पाणी मारून झाडूने पुसतात ते त्यासाठीच. घरी प्रत्येक डोशाआधी आच मंद करा, चमचाभर पाणी शिंपडा (पेलाभर ओतलंत तर बीड तडकू शकतं), ओल्या फडक्याने पुसा. चरचर थांबली, ओल दिसेनाशी झाली, की लगेच पीठ घालून मधून बाहेर फिरवा. पसरून झालं की आच वाढवा. कुरकुरीतपणा या दुसऱ्या तापण्यातून येतो.

हे सगळं मुरलेल्या तव्यावर. नवा तवा घासून कोरडा करायचा, तेलाचा हात फिरवून कोरडा वाटेपर्यंत पुसायचा, धूर येईतो तापवून निवू द्यायचा. असं चार-पाच वेळा. तेल तापून त्याचा कडक काळा लेप बनतो. थर जाड झाला तर मात्र चिकट राळ होते. या तव्यावर पोळ्या नकोत, कोरड्या प्रखर आचेने लेप जळतो. रोजच्याला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला की पुरे. तेल साचलं तर पीठ घसरतं, पसरत नाही.

कोकणातल्या घावनाला मात्र तवा कडकच हवा. तिथे पीठ पाण्यासारखं, डाव फिरवायचाच नसतो, आणि पडताक्षणी वाफ उसळली तरच जाळी पडते.